दहावा माणूस कितीला पडतो?

पत्र: काका, कुपवाड एमआयडीसीत आमचं हळद-मिरची पावडर दळून पॅकिंग करायचं युनिट आहे. मिस्टर खरेदी आणि चक्की बघतात, मी ऑर्डर, बिलं, ट्रान्सपोर्ट, वसुली. ९ माणसं आहेत, पगार महिन्याला १ लाख २६ हजार जातो. सगळ्यात जुना मिस्त्री, ११ वर्षं झाली, त्याला १७ हजार. उलाढाल सव्वादोन कोटी, माल-पॅकिंग-भाडं जाऊन शेकडा १४ सुटतात. वर्षाअखेर साडेआठ लाख राहतात, त्यातले सहा घरखर्चाला. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, २५ लाखांची, कायम भरलेली. आता ऑफिस आणि डिस्पॅच सांभाळायला एक माणूस घ्यायचाय म्हणजे मला बाहेर पडून इचलकरंजी-कोल्हापूरची दुकानं धरता येतील. कुणी म्हणतं १५ द्या, कुणी म्हणतं ३० शिवाय चांगला माणूस मिळत नाही. बजेट किती धरू आणि जाहिरातीत काय लिहू?

उत्तर: ताई, १५ म्हणणारा पण खरं बोलतोय आणि ३० म्हणणारा पण, कारण दोघांच्या डोळ्यापुढं माणूस वेगळा आहे. एकाला बिल फाडणारा दिवाणजी दिसतोय, दुसऱ्याला एक्सपोर्टची कागदपत्रं करणारा. पण हे दोन्ही आकडे बाजारातले झाले, आणि माझं मत असं की बाजारात चौकशी करायच्या आधी आपली वही उघडायची, म्हणजे ही खुर्ची भरल्यावर माझ्या धंद्यात वर्षाला किती पैसे जास्त येणार किंवा किती गळती थांबणार ते आधी काढायचं. तो आकडा म्हणजे तुमचं छत. छत माहीत नसताना इंटरव्ह्यूला बसलं की समोरचा पोरगा गोड बोलला की आपण दोन हजार वाढवून मोकळे होतो, हे मी स्वतः केलंय.

तुमच्याकडं गळती तीन ठिकाणी आहे असं मी धरून चालतो, आकडे तुम्ही तुमचे घाला.

पहिली उधारी. पत्रात लिहिलं नाहीत पण सीसी कायम भरलेली म्हटल्यावर अंदाज येतो. समजा बोली ४५ दिवसांची आहे आणि पैसे यायला ७५ दिवस लागतात. सव्वादोन कोटी भागिले ३६५, म्हणजे रोजची विक्री साधारण ६१,६०० रुपये. एक दिवस उशीर म्हणजे ६१,६०० रुपये दुकानदाराच्या गल्ल्यात अडकले, ३० दिवस म्हणजे साडेअठरा लाख. आता नवीन माणूस रोज सकाळी अर्धा तास बसून फोन करणारा असला तर यातले ३० च्या ३० दिवस कमी होत नाहीत, पण १५ होऊ शकतात. १५ दिवस म्हणजे सव्वानऊ लाख सीसीत परत, ११ टक्क्यांनी वर्षाला एक लाखाच्या आसपास व्याज वाचलं. (तुमच्या सीसीचा दर काय आहे तो बँकेच्या स्टेटमेंटला बघून घ्या.) इथं जाता जाता एक, बिलावर तुमचा उद्यम नंबर छापलेला आहे का बघा. तुम्ही मायक्रो किंवा स्मॉल मॅन्युफॅक्चरर असाल तर समोरच्या व्यापाऱ्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाही दिले तर इन्कम टॅक्सच्या नियमानं तो खर्च त्याला त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मार्च जवळ आला की या एका ओळीनं फोनवरचा आवाज बदलतो.

दुसरी, तुमचा वेळ. हे आकडे सगळेजण फुगवतात म्हणून मी इथं हात आखडता ठेवतो. समजा तुम्ही आठवड्यातले तीन दिवस बाहेर पडलात आणि वर्षात २० लाखांची नवी विक्री आणली. १४ टक्क्यांनी २ लाख ८० हजार. पहिल्या वर्षी याच्या निम्मंच धरा, १ लाख ४० हजार, कारण नवीन दुकान पहिला माल सॅम्पलसारखा घेतं आणि दुसरी ऑर्डर दिवाळीनंतर देतं. शिवाय नवीन विक्री म्हणजे नवीन उधारी, २० लाखांवर ६० दिवसांची उधारी म्हणजे सव्वातीन लाख आणखी अडकणार, ते पण सीसीतनंच.

तिसरी गळती बारीकसारीक. चुकीचा दर लागलेलं बिल, पाच पोती कमी गेलेली गाडी, ट्रान्सपोर्टची पावती हरवली म्हणून सोडून दिलेला क्लेम. महिन्याला ३ हजार धरा, वर्षाला ३६ हजार.

झाले किती? १ लाख, अधिक १ लाख ४०, अधिक ३६ हजार, म्हणजे २ लाख ७६ हजार. भागिले १२, महिन्याला २३ हजार. हे तुमचं छत. लक्षात घ्या, २३ हजार म्हणजे पगार नव्हे, त्या माणसावर होणारा सगळा खर्च. इथंच बहुतेक जण गडबडतात, २३ परवडतात म्हणून २३ चा पगार देऊन बसतात.

पगाराच्या डोक्यावर काय काय बसतं ते १८ हजारावर करून दाखवतो. ईएसआयसीचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, ५८५ रुपये. दिवाळीला एक पगार बोनस, जो कायद्यानं २० माणसांच्या खाली सक्तीचा नसला तरी तुम्ही ९ जणांना देताय म्हटल्यावर दहाव्याला देणारच, महिन्याला १,५०० बाजूला. ग्रॅच्युइटी, वर्षाला १५ दिवसांचा पगार आणि महिना २६ दिवसांचा धरायचा, म्हणजे १८,००० गुणिले १५ भागिले २६, वर्षाला १०,३८५, महिन्याला ८६५. फोन रिचार्ज, ट्रान्सपोर्ट नगरला गाडी घेऊन जायचं पेट्रोल, हजार रुपये. बेरीज करा, २१,९५० होतात. म्हणजे १८ चा माणूस २२ ला पडतो. सोपा हिशोब हवा असेल तर पगाराला १.१६४ नं गुणा आणि हजार मिळवा. उलट बाजूनं केलं तर २३ हजाराच्या छताखाली पगार जास्तीत जास्त १८,९०० बसतो. कुणी सांगेल की बेसिक कमी दाखवा आणि भत्ते जास्त दाखवा, ग्रॅच्युइटी वाचेल. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेजमध्येच धरतात, तेव्हा त्या खटपटीत आता फारसा रस राहिलेला नाही.

आता मुख्य मुद्दा, जो तुमच्या पत्रात आकड्यांच्या आड लपून बसलाय. तुमच्याकडं ९ माणसं आहेत. हा दहावा.

१० माणसं झाली की ईएसआयसी लागू होतो, आणि तो फक्त दहाव्याला नाही, २१ हजारापर्यंत पगार असलेल्या सगळ्यांना. तुमचे ९ च्या ९ त्यात येतात. १ लाख २६ हजाराचे सव्वातीन टक्के म्हणजे महिन्याला ४,०९५ रुपये, वर्षाला ४९,१४०, हे तुमच्या खिशातनं. माणसांच्या पगारातनं पाऊण टक्का कापायचा, १४ हजारवाल्याचे १०५ रुपये. नोंदणी लागू झाल्यापासून १५ दिवसांत करायची आणि नंतर दर महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे. ग्रॅच्युइटीची रेषा पण १० चीच आहे. ९ जणांची ग्रॅच्युइटी वर दाखवलेल्या हिशोबानं महिन्याला ६ हजाराच्या आसपास बाजूला पडली पाहिजे, वर्षाला ७२-७३ हजार. ती आज द्यायची नसते, ५ वर्षं झालेला माणूस सोडून जातो तेव्हा द्यायची असते, पण तुमचा मिस्त्री ११ वर्षांचा आहे, त्यामुळं "नंतर बघू" म्हणायची सोय नाही. आणि एकदा लागू झालं की पुढं माणसं ९ वर आली तरी ते सुटत नाही.

आधी हे पण मोजा की तुम्ही खरंच ९ आहात का. पोती चढवायला कंत्राटदाराकडनं येणारे दोन हमाल, सीझनला मिरचीची देठं खुडायला रोजंदारीवर येणाऱ्या बायका, अर्धा दिवस येणारी झाडूवाली, ही सगळी मोजणीत येतात. मला शंका आहे की फेब्रुवारी ते मेच्या गडबडीत तुम्ही कधीच १० पार केलेत. तसं असेल तर हा नवीन माणसाचा प्रश्नच राहत नाही, मस्टर घेऊन या आठवड्यात लेबर कन्सल्टंटकडं जा.

हा ४९ हजारांचा बोजा नवीन खुर्चीच्या खात्यात टाकायचा का? यावर आमच्यात पण वाद होतात. मी टाकत नाही. तो धंदा वाढल्याचा खर्च आहे, आज नाहीतर दोन वर्षांनी चक्कीवर एक माणूस वाढवला असतात तरी आलाच असता. खुर्चीवर टाकला तर छत २३ वरनं १९ वर येतं, पगार साडेपंधराच्या आत बसवायला लागतो, आणि मग तुम्ही कच्चा पोरगा घेणार जो वसुलीचा फोनच करणार नाही, म्हणजे ज्या एक लाखासाठी माणूस घेतला तो लाखच गेला. पण खात्यात टाकला नाही तरी पैसे लागणारच, ते तुमच्या घरखर्चानंतर उरणाऱ्या अडीच लाखांतनं जाणार. अडीच लाखांतनं ४९ हजार ईएसआयसी, ७३ हजार ग्रॅच्युइटीची तजवीज, उरले १ लाख २८ हजार. त्यातनं कॉम्प्युटर, प्रिंटर, टेबल ४० हजार. आणि पहिले तीन महिने त्या माणसाकडनं काही मिळत नाही, शिकण्यातच जातात, ते तीन महिने साडेबावीसच्या हिशोबानं साडेसदुसष्ट हजार. म्हणजे १ लाख साडेसात हजार गेले. वीस हजार शिल्लक. बसतं, पण जेमतेम, त्यामुळं याच वर्षी नवीन सीलिंग मशीन पण घ्यायचा विचार असेल तर दोन्हीतलं एक निवडा.

आणि कृपा करून त्या माणसाला मिस्टरांच्या दुसऱ्या फर्मवर दाखवणं, रोखीत पगार देणं, "कन्सल्टंट" म्हणून व्हाउचर करणं असले सल्ले कुणी दिले तर ऐकू नका. सकाळी ९ ला येऊन तुमच्या टेबलावर बसणारा माणूस तुमचाच कामगार असतो, आणि चौकशी होते तेव्हा हिस्सा, व्याज आणि वर दंड असा सगळा एकदम लागतो.

आता मिस्त्री. हे मी जरा सविस्तर सांगतो कारण इथं मी स्वतः भाजून घेतलंय. मी ज्या फौंड्रीत अकाउंट्स बघायचो तिथं आम्हाला स्टोअरकीपर हवा होता. दोन महिने माणूस मिळेना, शेवटी एकाला २४ देऊन आणला. आमच्याकडं एक पॅटर्नवाले होते, १४ वर्षं झालेली, त्यांना २१. मी पाकिटं वाटत होतो, कुणाचं पाकीट किती जाड आहे हे लपवायची पद्धत पण नव्हती तेव्हा. काही बोलले नाहीत. दिवाळीचा बोनस घेतला, पेढे दिले आणि भाऊबीजेनंतर आलेच नाहीत. पुढचे तीन महिने आमचं रिजेक्शन एवढं वाढलं की स्टोअरकीपरचा वर्षाचा पगार त्यात गेला असेल. ती चूक माझी, मी मालकाला नवीन पगाराचा कागद दाखवला, जुन्या पगारांचा शेजारी ठेवून दाखवला नाही.

तुमच्या चक्कीचा आवाज ऐकून जाळी फाटलीय की पट्टा ढिला आहे हे सांगणारा माणूस १७ वर आहे. खुर्चीवर पंख्याखाली बसणारं पोरगं १८ ला आलं तर ते त्याला कळायला दोन दिवस लागतील, पगार कापून १७ हजारातनं ईएसआयसीचे १२८ रुपये कमी आलेले तर पहिल्याच महिन्यात कळतील. म्हणून मिस्त्रीची वाढ याच बजेटमध्ये धरा. १७ चे साडेअठरा केलेत तर दीड हजार वाढ, वरच्या बोज्यासकट महिन्याला साडेसतराशे. २३ हजारांतनं ते वजा केले की नवीन माणसासाठी उरतात सव्वाएकवीस हजार. त्यात पगार किती बसतो? १७ हजार पगाराचा एकूण खर्च २०,८०० होतो, बसतो. साडेसतराचा २१,३७० होतो, नाही बसत. तर तुमची वरची रेषा १७. आधी मिस्त्रीला वाढ सांगा, मग जाहिरात द्या, उलट क्रम केलात तर वाढ दिली तरी ती मागून घेतल्यासारखी वाटते.

छत ठरलं, आता बाजार. पगाराच्या वेबसाइटवर सांगली टाकून आकडे बघू नका, तिथं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे आकडे सांगलीच्या नावावर फिरत असतात. त्यापेक्षा पाच-सहा फोन करा. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या अडत्याचा दिवाणजी, ट्रान्सपोर्ट ऑफिसातला बुकिंगवाला, तासगावच्या एखाद्या बेदाणा कोल्ड स्टोरेजचा क्लार्क, तुमच्याच सीएच्या ऑफिसातनं नुकतीच सोडून गेलेली मुलगी. "तुम्हाला पगार किती" असं विचारू नका, कुणी सांगत नाही. "तुझ्यासारखं काम करणारा माणूस मला हवाय, कितीला येईल" असं विचारा, मग आकडा भराभर येतो. समजा तुम्हाला १४, १५, साडेपंधरा, १७, १८ आणि २६ असे सहा आकडे मिळाले. २६ वाल्याला नीट विचारलंत तर कळेल की तो परदेशी मालाची कागदपत्रं करतो, ते तुमचं काम नाही, काढून टाका. १४ वाला नुसता बिलं करतो, वसुली नाही. उरले १५ ते १८, आणि तुमची रेषा १७, म्हणजे बाजाराच्या मधोमध आहात. जमतंय.

खालची रेषा १५ कशी धरायची तर तिथं तुम्हाला चालेल असा सगळ्यात कच्चा माणूस बसवून बघा. टॅलीत एंट्री करता येते, ई-वे बिल काढता येतं, मराठी-हिंदी फोनवर बोलतो, पण उधारी कधी मागितली नाही. तो १५. वर १७ ला तो माणूस ज्यानं कुठंतरी दोन-तीन वर्षं डिस्पॅच आणि वसुली दोन्ही केलीय आणि आल्या आठवड्यापासून काम उचलेल. मधल्या १६ वर बहुतेक सगळे येतील. खालची रेषा टाकायच्या आधी तुमच्या झोनचा त्या कामाचा किमान वेतनाचा दर बघून घ्या, महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, मागच्या वर्षीचा कागद चालत नाही. जाहिरातीत "पगार योग्यतेनुसार" लिहू नका, ते वाचून २५ वाले पण येतात आणि १० वाले पण, दोघांचा आणि तुमचा वेळ जातो. सरळ लिहा, १५ ते १७ हजार, अनुभवाप्रमाणे, ईएसआयसी, दिवाळी बोनस.

चांगला माणूस आला आणि १९ म्हणाला तर? एक तर नाही म्हणायची तयारी ठेवा, पण त्या आधी एक गोष्ट करून बघता येते. १७ पगार, आणि ज्या महिन्याअखेर उधारी ५५ दिवसांच्या आत असेल त्या महिन्याला हजार रुपये वर. तुमच्या छताच्या हिशोबात आपण ६० दिवस धरलेत. ५५ म्हणजे आणखी ५ दिवस, तीन लाख सीसीत, वर्षाला ३३-३४ हजार व्याज वाचतं आणि तुम्ही त्यातले १२ देताय. वसुलीच्या रकमेवर टक्केवारी मात्र देऊ नका, ती दिली की माणूस वेळेवर देणाऱ्या मोठ्या दुकानाचेच चेक गोळा करत फिरतो आणि अडकलेला अडकूनच राहतो.

कुणी "पीएफ आहे का" विचारेल, मोठ्या कंपनीतनं आलेला हमखास विचारतो. २० माणसांच्या खाली तो सक्तीचा नाही, आणि एकट्या त्याच्यापुरता काढता येत नाही, घ्यायचा तर अख्ख्या युनिटला. १५ हजाराच्या मर्यादेवर मालकाला माणशी १,९५० पर्यंत पडतो. या वर्षी तुमच्याकडं तेवढी जागा नाही, तसं स्पष्ट सांगा.

आणि पुण्यात २५ मिळतात म्हणणारा आला तर वाद घालू नका. रूम, मेस, महिन्यातनं दोनदा गावी यायचं भाडं हा हिशोब त्याला तुमच्यापेक्षा चांगला माहितीय, आणि तरी जायचंच असेल तर तो सहा महिन्यांत जाणारच, मग तुमचे शिकवायचे तीन महिने वाया.

१७ ला कुणीच मिळालं नाही असं पण होऊ शकतं. तेव्हा पगार न वाढवता काम कमी करा. टॅली आणि जीएसटीचं काम सीएच्या ऑफिसला महिन्याच्या फीवर टाका, आणि इथं फक्त डिस्पॅच-वसुलीवाला बघा, त्याला बीकॉम लागत नाही, ट्रान्सपोर्ट लाईनमधला बारावी झालेला पोरगा पण हे काम झकास करतो. फक्त सीएची फी त्या २३ मध्येच धरा.

माणूस आल्यावर एक वही ठेवा, दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला एकच आकडा लिहायचा, येणं बाकी भागिले रोजची विक्री. आज ७५ असेल. चौथ्या महिन्याअखेर तो ७० च्या खाली आला नाही तर माणूस तरी चुकलाय किंवा तुम्ही वसुलीची यादी अजून त्याच्या हातात दिलेली नाही. बहुतेक वेळा दुसरंच निघतं, मालकीणबाईंना वाटतं जुन्या गिऱ्हाईकाला पोरानं फोन केलेला बरा दिसत नाही. दोनदा तपासा. सहाव्या महिन्याअखेर ६५ च्या आत नसेल आणि तुमची बाहेरची नवीन दुकानं पण दोन-चारच झाली असतील तर पुढच्या वर्षीची वाढ देऊ नका, कारण छतच खाली आलेलं आहे. आकडे जमले तर दुसऱ्या वर्षी ८ टक्के द्यायला जागा आहे, १६ चा माणूस १७,२८० वर जाईल, म्हणून पण मी १६ ला सुरुवात करायला सांगतो, सुरुवातच १७ ला केली की पुढच्या दिवाळीत मिस्त्रीला तो परत गाठायला येतो.

फोनवर पहिला प्रश्न येईल "हातात किती?" उत्तर तयार ठेवा. १६ हजार पगार असेल तर ईएसआयसीचे १२० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० जाऊन १५,६८०, फेब्रुवारीत टॅक्स ३०० कापतात म्हणून १५,५८०. मुलगी असेल तर २५ हजारापर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तिला १५,८८०. हे असंच्या असं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ऑफर लेटरवर पण तोच आकडा घाला.